लीजवर सही करण्याआधी: टेक्सासमधलं चौघांत घेतलेलं घर आणि त्याचा करार

जून संपत आला की राजारामपुरीतल्या आमच्या घरी संध्याकाळी कुणी ना कुणी पोरगं लॅपटॉप घेऊन येतं. ऑगस्टात अमेरिकेला जायचं असतं, घराचा करार पीडीएफमध्ये आलेला असतो आणि सही आजच हवी असते. मी वकील नाही, शिरोलीला कारखान्यात असतो. पण टेक्सासमध्ये एम.एस. करताना दोन वर्षं चौघांत घर घेऊन राहिलो, त्या करारानं एकदा चांगला हिसका दाखवला आणि तेव्हापासून गल्लीतल्या पोरांचे करार माझ्याकडे येतात.

यंदाचं पोरगं डॅलसजवळ आर्लिंग्टनला चाललंय. घरात चौघं: हा कोल्हापूरचा, एक गारगोटीचा, एक नाशिकचा, एक हैदराबादचा. दोन बेडरूमचं घर, महिना १,८०० डॉलर भाडं, ८०० डॉलर डिपॉझिट, मुदत १ ऑगस्ट ते ३१ जुलै. मी विचारलं, "भाडं किती रे?" तो म्हणाला, "साडेचारशे, काका." गडबड इथंच होती. करारात साडेचारशे हा आकडा कुठंच नव्हता. तिथं फक्त १,८०० होते.

पुढं जे लिहितोय ते टेक्सासचं आहे. न्यूयॉर्कचे, कॅलिफोर्नियाचे किंवा ब्रिटनचे नियम वेगळे आहेत, पण करारात बघायच्या जागा बहुतेक याच.

आधी शोधायचं, मग वाचायचं

चाळीस पानं पहिल्यापासून वाचायला बसलं की सातव्या पानावर डोळे मिटतात. म्हणून पहिल्या फेरीत पीडीएफमध्ये हे शब्द एकेक करून टाकायचे आणि जिथं सापडतील तो परिच्छेद अख्खा वाचायचा:

```
severally
sublet
replacement
relet
buyout
buy-out
early termination
concession
```

करारासोबत पुरवण्या जोडलेल्या असतात, त्याही उघडायच्या. मुदतीआधी घर सोडायची सोय असली तर ती बहुधा पुरवणीतच असते, आणि फुकट दिलेल्या महिन्याचा हिशोबही तिथंच. एखादा शब्द अजिबात सापडला नाही, तर तीही माहितीच. `buyout`, `buy-out`, `early termination` यांतलं काहीच सापडलं नाही, तर पैसे भरून सुटायची वाट बहुधा या करारात नाही.

टेक्सासमध्ये बरीच अपार्टमेंट संकुलं टेक्सास अपार्टमेंट असोसिएशनचा छापील करार वापरतात. ही संघटना मालकांची आहे, हे ध्यानात ठेवून वाचायचं. पुढची बरीचशी कलमं त्याच धाटणीची आहेत, पण तुमच्या हातातल्या कागदावर जे लिहिलंय तेच खरं.

जामीनदार तुम्हीच

`severally` जिथं सापडेल तिथं साधारण असं लिहिलेलं असतं की सही करणारे सगळे भाडेकरू करारातल्या सगळ्या देण्यांना एकत्रितपणे आणि एकेकटे जबाबदार आहेत. पोराच्या वडिलांना हे समजावायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेला माणूस घरात किंवा शेजारी असतोच. कर्जदारानं हप्ता थकवला की संस्था जामीनदाराच्या दारात येते आणि "माझा वाटा तिसरा हिस्सा" म्हणून तो सुटत नाही, पूर्ण रक्कम त्याच्याकडून वसूल होते. इथं चौघंही एकमेकांचे जामीनदार आहेत. फरक इतकाच की पतसंस्थेत जामीन राहताना माणूस दहादा विचार करतो आणि इथं व्हॉट्सॲप ग्रुपवर ओळख झालेल्या तिघांसाठी पाच मिनिटांत सही करतो.

याचा व्यवहारात अर्थ बघा. हैदराबादच्या पोरानं एका महिन्याचे ४५० दिले नाहीत. बाकी तिघांनी आपापले ४५० वेळेवर भरले, पावत्या जपून ठेवल्या. मालकाच्या वहीत "हैदराबादचा थकबाकीदार" अशी नोंद होत नाही. घर क्रमांक अमुक, भाडं थकलं, अशी होते. उशिराचा दंड घराला लागतो. नोटीस चौघांपैकी एकाला मिळाली तरी ती चौघांना मिळाली असं बहुतेक करारांत लिहिलेलं असतं. भाडं तसंच राहिलं तर घर खाली करण्याची नोटीस येते. करारात वेगळी मुदत नसेल तर टेक्सासमध्ये ती अवघी तीन दिवसांची असू शकते. त्यानंतर मालक जस्टिस कोर्टात जातो आणि दाव्यात नावं चौघांचीही असतात. पुढं दुसरीकडं घर मागायला गेलं की तिथली कंपनी जुन्या नोंदी तपासते, तेव्हा हा दावा वर येतो. आपण आपला वाटा भरला होता हे सांगायला त्या फॉर्मवर जागा नसते.

म्हणून भाडं चार वेगवेगळ्या खात्यांतून पोर्टलवर भरण्याची पद्धत मला पसंत नाही. एकानं गोळा करायचं, २८ तारखेपर्यंत तिघांचे पैसे त्याच्याकडे यायचे आणि १ तारखेला एकच १,८०० जायचे. कुणाचे पैसे आले नाहीत हे २८ लाच कळतं, दंड लागल्यावर नाही.

याच कलमाची एक शेपटी मात्र फार जण बघत नाहीत. अमेरिकेत नव्या आलेल्या विद्यार्थ्याला क्रेडिटचा इतिहास नसतो, म्हणून ऑफिस जास्त डिपॉझिट मागतं किंवा तिथला जामीनदार मागतं. मग न्यू जर्सीतल्या मामाला फोन जातो. मामा भाच्यासाठी सही करतो, पण हमीपत्रावर भाच्याच्या ४५० ची हमी असते की अख्ख्या घराची? बहुतेक वेळा अख्ख्या घराची. म्हणजे नाशिकच्या पोरानं घरात आग लावली तरी वसुली मामाकडे जाऊ शकते. हमी भाच्याच्या वाट्यापुरती मर्यादित करून देता का, हे ऑफिसला लेखी विचारायचं. नाही म्हणाले तर निदान मामाला खरं काय ते सांगून सही घ्यायची.

हे सगळं टाळायचं असेल तर दुसरा प्रकारही असतो. विद्यापीठांच्या जवळ काही संकुलं खाटेगणिक करार करतात. तुमचा करार तुमच्या खोलीपुरता किंवा खाटेपुरता, स्वयंपाकघर आणि हॉल सामाईक. दुसऱ्यानं भाडं थकवलं तर ते तुमच्या अंगावर येत नाही. माणशी भाडं सहसा जास्त पडतं आणि रूममेट कोण येणार हे कंपनी ठरवते. अनोळखी तिघांबरोबर पहिलं वर्ष काढायचं असेल तर मी तो जादा पैसा जामिनाची किंमत समजून द्यायला सांगतो. ओळखीची, पारखलेली पोरं असतील तर सामाईक करार परवडतो.

जानेवारीत एक जण गेला

हे जवळपास प्रत्येक घरात घडतं. कुणाचं शिक्षण डिसेंबरात संपतं, कुणाला दुसऱ्या शहरात नोकरी लागते. आमच्या चौघांत समजा हैदराबादचा ३१ जानेवारीला सिॲटलला गेला. मुदतीचे सहा महिने बाकी आहेत.

आपल्याकडे राजेंद्रनगरात खोली घेतलेली असली तर गोष्ट सोपी असते. अकरा महिन्यांचा करार, मालकाला महिनाभर आधी "काका, पुढच्या महिन्यात सोडतो" म्हटलं, लाइटबिल कापून डिपॉझिट परत. ही सवय घेऊन पोरं तिकडं जातात आणि "साठ दिवसांची नोटीस" असं करारात दिसलं की खुश होतात. ती नोटीस बहुधा मुदत संपताना द्यायची असते. म्हणजे जुलैअखेर घर सोडायचं असेल तर मेच्या अखेरीस कळवायचं, नाहीतर करार महिन्यागणिक पुढं चालू होतो, तोही वाढीव भाड्यानं. मधेच सोडण्याशी त्या साठ दिवसांचा संबंध नाही.

तर हैदराबादच्या वाट्याचे सहा महिन्यांचे २,७०० डॉलर कोण भरणार? मालकाच्या लेखी चौघंही. प्रत्यक्षात घरात राहिलेले तिघं, कारण त्यांनाच डोक्यावर छप्पर हवंय. प्रत्येकाचे ४५० चे ६०० होतात, सहा महिन्यांत माणशी ९०० डॉलर जादा. गेलेला पोरगा सिॲटलहून पाठवत राहिला तर उत्तम. नाही पाठवले तर त्याच्यावर दावा करायला तिघांच्या हातात काहीतरी कागद हवा.

तो कागद म्हणजे चौघांचा आपसातला करार. एक पान पुरतं: कोण किती भाडं देणार, वीजबिल कुणाच्या नावावर, डिपॉझिटमध्ये कुणाचे किती, आणि मधेच गेलेला माणूस बदली माणूस मिळेपर्यंत आपला वाटा भरत राहील. तारीख आणि चार सह्या. मालकाला हा कागद बांधत नाही, त्याला चौघांकडून वसुली करायची मोकळीक राहतेच. पण टेक्सासच्या जस्टिस कोर्टात २०,००० डॉलरपर्यंतचे दावे चालतात आणि तिथं वकील लागतोच असं नाही, तेव्हा हा कागद कामाला येतो. खरं सांगायचं तर दाव्यापर्यंत कुणी जात नाही. सही केलेला कागद असला की माणूस फोन उचलतो, एवढाच त्याचा उपयोग आणि तोच मोठा आहे.

दुसऱ्याला ठेवणं: इथं माझे हात पोळले

आम्ही नेमकं हेच केलं. एक जण गेला, त्याच्या जागी ग्रुपवरून एक पोरगा मिळाला, चांगला होता, भाडंही वेळेवर द्यायचा. ऑफिसला कळवायची गरज कुणालाच वाटली नाही. एप्रिलमध्ये नळ दुरुस्त करायला माणूस आला, त्यानं हॉलमध्ये अनोळखी चेहरा बघितला आणि तिसऱ्या दिवशी दारावर नोटीस: विनापरवाना राहणारा व्यक्ती, कराराचा भंग, तिघांचीही नावं. जो खरोखर त्या घरात पैसे देऊन राहत होता त्याचं नाव कुठंच नव्हतं. त्याला रातोरात बॅग उचलून जावं लागलं आणि त्याच्या भाड्याचं भोक पुन्हा आमच्या खिशाला.

टेक्सासच्या कायद्यात स्पष्ट आहे: मुदत चालू असताना मालकाच्या आधीच्या संमतीशिवाय भाडेकरूनं घर दुसऱ्याला भाड्यानं द्यायचं नाही. करारात काहीच लिहिलेलं नसलं तरी नियम हाच. म्हणजे "लिहिलेलं नाही, मग चालतं" हे इथं उलटं आहे. शिवाय पाहुणा किती दिवस राहू शकतो याचंही कलम असतं. आई-बाबा दोन महिने राहायला येणार असतील तर तेही वाचून, ऑफिसला मेल करूनच.

ग्रुपवर पोरं सबलीज, टेकओव्हर, रिप्लेसमेंट हे शब्द एकाच अर्थानं वापरतात. करारात ते वेगळे आहेत आणि फरक पैशांचा आहे. सबलीजमध्ये नवा माणूस तुम्हाला भाडं देतो आणि तुम्ही मालकाला. त्यानं दिलं नाही तरी तुमचं देणं तसंच. रिप्लेसमेंटमध्ये नवा माणूस ऑफिसकडं अर्ज करतो, फी भरतो, त्याची तपासणी होते, मंजुरी मिळाली की तो मूळ करारावर सही करतो किंवा सगळ्यांचा नवा करार होतो. शहाण्यानं रिप्लेसमेंटच करावी.

तरीही त्या परिच्छेदातली दोन वाक्यं बोट ठेवून वाचायची. पहिलं असं असतं की गेलेल्या माणसाचं डिपॉझिट मंजुरीच्या तारखेपासून आपोआप नव्या माणसाच्या नावे होईल. म्हणजे आपल्या उदाहरणात हैदराबादच्या पोराचे २०० डॉलर ऑफिस त्याला देणार नाही. ते त्यानं नव्या पोराकडून, सही होण्याआधी, बाहेरच्या बाहेर घ्यायचे. दुसरं वाक्य जास्त खोल आहे: बदली माणूस आला तरी गेलेला माणूस मूळ मुदत संपेपर्यंत जबाबदार राहील, मालकानं लेखी वेगळं मान्य केलं नसेल तर. सिॲटलला जाऊन चार महिने झाले, त्याच्या जागी दुसरा राहतोय, आणि जूनचं भाडं थकलं तर वसुलीचा मेल त्यालाही जाऊ शकतो.

त्यामुळं जाणाऱ्यानं चावी देण्याआधी ऑफिसकडून एक ओळ लेखी घ्यायची, की अमुक तारखेनंतरच्या देण्यातून याला मुक्त केलं आहे. काउंटरवरची मुलगी गोड हसून "यू आर ऑल सेट" म्हणाली, याला किंमत नाही. मेल पाठवायचा, उत्तर आलं की पीडीएफ करून ठेवायचं. आणि नव्या करारावर सह्या झाल्या तर त्यात आपलं नाव नाही ना, हे डोळ्यांनी बघायचं.

सगळ्यांनीच सोडायचं ठरवलं तर

आता मोठी रक्कम. घर मधेच सोडण्याच्या शुल्काचे दोन प्रकार आहेत आणि पोरं हमखास एक समजून दुसऱ्यावर सही करतात.

`relet` जिथं सापडतं तिथं पुन्हा भाडेकरू शोधण्याचं शुल्क असतं. छापील करारात त्याची वरची मर्यादा एका महिन्याच्या भाड्याच्या ८५ टक्के असते, म्हणजे आपल्या घराला १,५३०. वाचणाऱ्याला वाटतं, १,५३० भरले की सुटलो. पण त्याच परिच्छेदात पुढं लिहिलेलं असतं की हे करार रद्द करण्याचं शुल्क नाही, आणि उरलेल्या भाड्याची जबाबदारी कायम आहे. म्हणजे १,५३० हा जाहिरातीचा, कागदपत्रांचा, मालकाच्या त्रासाचा खर्च. घर रिकामं राहील तितके महिने भाडं वेगळं.

`buyout` ही खरी सुटका. ठरलेल्या दिवसांची नोटीस द्यायची, ठरलेली रक्कम भरायची आणि विषय संपला. या पोराच्या पुरवणीत साठ दिवसांची नोटीस आणि दोन महिन्यांचं भाडं असं होतं, म्हणजे ३,६००. नोटिशीच्या दिवसांतलं भाडं अर्थातच चालूच राहतं.

दोन्ही शेजारी ठेवून बघू. चौघांनी ३१ जानेवारीला घर सोडलं. साठ दिवस आधी नोटीस देऊन बायआउटनं गेले तर ३,६००, पुढं काही नाही. बायआउट न घेता गेले आणि महिन्याभरात नवा भाडेकरू मिळाला, तर फेब्रुवारीचे १,८०० अधिक १,५३०, एकूण ३,३३०. म्हणजे २७० वाचले. दोन महिने लागले तर ५,१३०. जुलैपर्यंत कुणीच आलं नाही तर सहा महिन्यांचे १०,८०० अधिक १,५३०, म्हणजे १२,३३०. वाचले तर थोडे, बुडाले तर बुडत्याचा पाय खोलात. विद्यापीठाजवळची घरं ऑगस्टच्या तोंडावर पटापट जातात, फेब्रुवारीत गिऱ्हाईक शोधावं लागतं. म्हणून बदली भाडेकरू खात्रीनं हाताशी नसेल तर मी बायआउट घ्यायला सांगतो.

मालकाला घर मुद्दाम रिकामं ठेवून तुमच्याकडून जुलैपर्यंत भाडं खाता येत नाही, हेही माहीत असावं. भाडेकरू सोडून गेला तर नुकसान कमी करण्याचा रास्त प्रयत्न मालकानं केलाच पाहिजे असं टेक्सासचा कायदा सांगतो, आणि हा हक्क करारात काढून घेतला असेल तर ते कलमच रद्दबातल. प्रत्यक्षात हे कसं कळणार? घर सोडल्यावर दर आठवड्याला त्या संकुलाची वेबसाइट उघडायची आणि तुमच्या नमुन्याचं घर यादीत आहे का, किती भाड्याला, याचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवायचा. यादीत नसेल किंवा भाडं अवाच्या सवा लावलं असेल तर भांडायला जागा आहे. पण मालकाकडं त्याच नमुन्याची आणखी आठ घरं रिकामी असतील, तर तुमचंच आधी द्या असं सांगता येत नाही.

`concession` चा फटका याच वेळी बसतो. "पहिला महिना फुकट" म्हणून घर घेतलेलं असतं, आणि पुरवणीत बारीक अक्षरात असतं की मुदत पुरी केली नाही तर ती सवलत परत करायची. म्हणजे वरच्या प्रत्येक आकड्यात आणखी १,८०० मिळवायचे. घर घेतानाच हा आकडा वहीत लिहून ठेवावा.

नोकरी लागली, कॉलेज बदललं, नापास झालो, रूममेटशी पटत नाही, यांतल्या कशासाठीही कायदा करार मोडू देत नाही. सैन्यात बोलावणं आलं किंवा घरगुती हिंसाचार झाला अशा मोजक्या कारणांनाच कायदेशीर सुटका आहे. आणि कोल्हापुरात बसून सही करणाऱ्यासाठी सगळ्यात जवळचं कारण म्हणजे व्हिसा. मुलाखत व्हायची असताना करार झाला आणि व्हिसा नाकारला, तरी सही ती सहीच. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत सही लांबवता आली तर लांबवा. नाही आली तर व्हिसा नाकारल्याचं पत्र दाखवल्यावर करार रद्द होईल, ही ओळ विशेष अटींच्या रकान्यात लिहून घ्या. काही ऑफिसं ऐकतात, कारण त्यांची निम्मी घरं आपल्याच पोरांनी भरलेली असतात.

सहीच्या दिवशी

या पोराला मी चार प्रश्नांचा एकच मेल लिहायला लावला: व्हिसा नाकारल्यास काय, मामाची हमी वाट्यापुरती करता का, बदली माणूस आल्यावर जाणाऱ्याला लेखी मुक्त करता का, आणि पहिल्या महिन्याची सवलत परत कधी घेता. आर्लिंग्टनचं ऑफिस सकाळी नऊला उघडतं तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडं संध्याकाळचे साडेसात असतात, म्हणून मेल सातला पाठवला. अडलं तर बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी वकील बसतो आणि तो करार बघून देतो. `texaslawhelp.org` वर भाडेकरूंचे हक्क सोप्या इंग्रजीत आहेत.

आणखी एक गोष्ट घर सोडतानाची, पण सांगून ठेवायची आत्ताच. डिपॉझिट घर सोडल्यापासून ३० दिवसांत परत करायचं असतं, मात्र नवा पत्ता लेखी दिल्याशिवाय मालकावर ते बंधन लागू होत नाही. पोरं चावी ठेवून विमानतळावर जातात आणि पत्ता द्यायचं राहून जातं. शिवाय चेक बहुधा चौघांच्या नावे एकच निघतो, आणि तोवर चौघं चार गावांत असतात. पैसे कुणाच्या नावे काढायचे हे चौघांच्या सहीनं आधीच कळवायचं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. व्हिसाची ओळ घालायला तयार, सवलत परत घेणार, मामाची हमी पूर्ण घराचीच. पोरानं मामाला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि या वेळी १,८०० हा आकडा आधी सांगितला.